विमानप्रवासाची तारीख पुढे नेण्याविषयीचा निरोप : एका वाक्याची चिकित्सा

व्यवहारातील लेखनाचा अभ्यास करताना आपण बहुधा अर्ज, करारपत्रे, न्यायालयीन कागद अशा भारदस्त प्रकारांकडे वळतो. प्रस्तुत लेखात मात्र एक अगदी किरकोळ भासणारा निरोप विचारासाठी घेतला आहे. मुंबईहून लंडनला जाऊन ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसची कागदपत्रे पाहणारा पुण्याचा एक संशोधक कल्पावा. घरची काही अडचण उद्भवल्यामुळे त्याला प्रस्थान एक आठवडा उशिरा करावयाचे आहे. तिकीट पुण्यातील एका ट्रॅव्हल एजंटाकडून काढलेले आहे. म्हणून सोमवार, १० नोव्हेंबर २०२५ रोजी तो त्या एजंटाला भ्रमणध्वनीवरून पुढील निरोप धाडतो :

“नमस्कार साहेब. माझे १४ तारखेच्या रात्रीचे लंडनचे विमान आठ दिवस पुढे ढकलता येईल का? अचानक अडचण आली आहे. कृपया बघावे.”

वाक्यरचना निर्दोष आहे, भाषा सौजन्याची आहे, आणि कोणाही मराठी माणसाला तीत वावगे काही वाटणार नाही. तथापि या निरोपातून निदान तीन वेगवेगळ्या तारखा निघू शकतात. इतकेच नव्हे, तर एजंटाने काही करावे अशी ही सूचना आहे की केवळ चौकशी आहे, हेही त्यातून ठरत नाही. हा संदिग्धपणा कोठून येतो ते क्रमाने पाहू.

प्रथम ‘१४ तारखेच्या रात्रीचे’ हा शब्दप्रयोग घेऊ. मुंबईहून युरोपकडे जाणारी कित्येक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. आपल्या उदाहरणातील विमान पहाटे २ वाजून १० मिनिटांनी सुटते असे धरू. संशोधक शुक्रवारी, १४ तारखेस, सायंकाळी पुण्याहून निघणार, रात्री विमानतळावर पोहोचणार, आणि त्याच रात्री विमानात बसणार. त्याच्या दृष्टीने ही सर्व शुक्रवारची रात्र होय. तिकिटावर मात्र शनिवार, १५ नोव्हेंबर, ०२:१० असे छापलेले आहे. कारण विमान कंपन्यांचा दिवस, घड्याळाप्रमाणेच, मध्यरात्री बदलतो.

येथे प्रवाशाला अडाणी ठरविण्याचे कारण नाही. पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जातो, आणि आपली नित्याची बोली अद्यापि त्याच मोजणीने चालते. ‘काल रात्री दोन वाजता वीज गेली’ असे आपण म्हणतो. तेव्हा ती घटना घड्याळाप्रमाणे ‘आज’ घडलेली असते, पण ऐकणारा चुकत नाही. ही अडचण ओळखून ‘१४ व १५ नोव्हेंबरच्या दरम्यानची मध्यरात्र’ अशा धर्तीची शब्दरचना करता येते; ती बोजड असली तरी तिच्यात संदेह राहत नाही. बोलीतील दिवस आणि तिकिटावरील दिवस यांच्या सीमा भिन्न आहेत, आणि मध्यरात्र ते सूर्योदय हा पट्टा दोघांच्या वादातला आहे, एवढेच येथे लक्षात ठेवावयाचे.

दुसरा शब्दप्रयोग ‘आठ दिवस’. मराठीत ‘आठ दिवसांनी ये’ म्हटले म्हणजे आज सोमवार असल्यास पुढच्या सोमवारी यावयाचे असते. म्हणजे अंतर सात दिवसांचे. ‘आठवडा’ या शब्दातच आठ आकडा ठाण मांडून बसला आहे, आणि वार तर सातच. याचे कारण म्हणजे आरंभाचा दिवस धरून मोजण्याची पद्धत. बारसे बाराव्या दिवशी करावयाचे म्हणताना जन्माचा दिवस पहिला धरला जातो, त्यातलाच हा प्रकार. पंधरा दिवसांचेही तसेच : ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे बहुधा त्याच वारी, चौदा दिवसांनी. (पक्षाच्या पंधरा तिथींमुळे ‘पंधरवडा’ या शब्दाला निराळा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे, परंतु वारावर बेतलेल्या आजच्या व्यवहारात त्याचे माप चौदाच भरते.) ही केवळ आपली खोड नव्हे. फ्रेंच भाषेत आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि पंधरवड्याला ‘पंधरा दिवस’ असेच म्हणतात. जर्मनांच्या बोलीतही आठवडा ‘आठ दिवसांचा’ असतो. परंतु संगणकापुढे बसलेला कारकून जेव्हा दिनदर्शिकेवर बोट ठेवून आठ घरे पुढे सरकतो, तेव्हा तो या रूढीच्या बाहेर गेलेला असतो, आणि त्यालाही चूक म्हणता येत नाही.

आता दोन्ही शब्दप्रयोग एकत्र ठेवून हिशेब करू. संशोधकाला हवे आहे ते विमान शुक्रवार, २१ तारखेची रात्र संपता संपता, म्हणजे शनिवार, २२ नोव्हेंबर रोजी पहाटे सुटणारे. कारकुनाने तिकीट उघडून १५ तारीख पाहिली आणि ‘आठ दिवस’ म्हणजे आठवडा असे धरले, तर १५ अधिक ७, म्हणजे २२, हे बरोबर. तिकीट पाहिले, पण आठ घरे मोजली, तर २३. तिकीट न उघडता निरोपातलीच १४ तारीख घेतली आणि आठवडा धरला, तर २१. आणि निरोपातली १४ घेऊन आठ घरे मोजली, तर पुन्हा २२! म्हणजे दोन चुका परस्परांना गिळून टाकतात आणि प्रवासी सुखरूप लंडनला पोहोचतो. असे निरोप वर्षानुवर्षे लिहिले जातात, आणि लिहिणाऱ्यांना त्यातील दोष कधीच कळत नाही, याचे एक कारण या योगायोगात असावे असे आम्हांस वाटते.

उरलेल्या दोन चुका मात्र सारख्या वजनाच्या नाहीत. विमान २३ तारखेचे झाले असेल, तर प्रवासी एक दिवस आधी विमानतळावर पोहोचेल. त्याला एक रात्र मुंबईत काढावी लागेल, फार तर चिडचीड होईल. परंतु विमान २१ तारखेच्या पहाटेचे झाले असेल, तर २१ च्या रात्री सामान घेऊन तो दारात उभा राहील तेव्हा त्याचे विमान जाऊन सुमारे वीस तास लोटलेले असतील. कंपनीच्या लेखी तो ‘गैरहजर’ प्रवासी ठरतो. गैरहजेरीचे शुल्क तारीखबदलाच्या शुल्काहून सामान्यतः बरेच अधिक असते. काही स्वस्त तिकिटांत तर भाड्याची रक्कम बुडतेच. याहून गंभीर गोष्ट अशी की, जाण्यायेण्याच्या तिकिटाचे भाग ज्या क्रमाने छापले असतील त्याच क्रमाने वापरावे लागतात. पहिला भाग न वापरता सोडून दिला की कंपनीची यंत्रणा पुढचे भागही रद्द करते. लंडनहून परतीची जागा, जिचा या गोंधळाशी काही संबंध नव्हता, तीही त्या पहाटेच नाहीशी झालेली असते.

तिसरा शब्द ‘पुढे’. मराठीत ‘पुढे ढकलणे’ याचा अर्थ निश्चित आहे : उशीर करणे. अडचण येते ती निरोप हातोहात जाताना. पुण्यातील एजंट तो वाचतो, मुंबईच्या घाऊक तिकीटविक्रेत्याकडील अमराठी सहकाऱ्याला इंग्रजीत कळवितो, आणि तेथे ‘पुढे’ शब्दाचे ‘फॉरवर्ड’ होते. इंग्रजीतील हा शब्द काळाच्या बाबतीत दुतोंडी आहे. बुधवारची सभा दोन दिवस ‘फॉरवर्ड’ नेली असे सांगितल्यावर ती सोमवारी की शुक्रवारी, या प्रश्नाला इंग्रजी भाषक दोन्ही उत्तरे देतात. बोरोडित्स्की आणि रॅम्सकर या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा प्रश्न विमानतळावरील लोकांना विचारला होता. कोणाला उतरवून घेण्यासाठी थांबलेल्या लोकांची उत्तरे जवळपास निम्मी निम्मी विभागली गेली, तर नुकतेच विमानातून उतरलेल्यांपैकी बहुतेकांनी शुक्रवार म्हटले. स्वतः पुढे सरकण्याचा विचार मनात ताजा असला की माणूस काळातही स्वतःला पुढे सरकवतो, असा त्यांचा निष्कर्ष. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा. आपल्या कामापुरते एवढेच पाहावयाचे की दिशा दाखविणारा शब्द भाषांतरात उलटू शकतो, तारीख उलटत नाही. ‘१५ नोव्हेंबरऐवजी २२ नोव्हेंबर’ या शब्दांना कोणतीही भाषा विपरीत अर्थ देऊ शकत नाही.

यानंतर क्रियापदाकडे वळू. ‘ढकलता येईल का?’ हा रूपाने प्रश्न आहे. आपल्या शिष्टाचारात अशा प्रश्नाचा उपयोग विनंतीसाठी होतो. ‘जरा पाणी मिळेल का?’ असे विचारणाऱ्याला कोणी ‘हो, मिळेल’ म्हणून स्वस्थ बसत नाही. पण तिकिटाच्या व्यवहारात शक्यतेची चौकशी आणि बदलाचा आदेश या दोन अगदी निराळ्या पायऱ्या आहेत, कारण दुसऱ्या पायरीला पैसे लागतात आणि ती मागे घेता येईलच असे नसते. जो एजंट प्रश्नाला प्रश्न समजतो तो ‘हो, येईल’ असे उत्तर देऊन प्रवाशाच्या होकाराची वाट पाहतो. प्रवासी काम झाले असे समजून निश्चिंत होतो. जो एजंट प्रश्नाला विनंती समजतो तो तत्काळ बदल करून देयक पाठवितो. प्रवासी म्हणतो, मी फक्त विचारले होते. शेवटचे ‘कृपया बघावे’ हे तर सर्वांत निसरडे. मराठीतील ‘बघणे’ हे पाहणे, तपासणे आणि करून टाकणे या तिन्ही अर्थांनी चालते. पहिल्या गैरसमजात विशेष धोका आहे, कारण त्याची जाणीव शुक्रवार उजाडेपर्यंत कोणालाच होत नाही. आणि जुन्या विमानाची वेळ टळून गेली की तोच बदल गैरहजेरीत मोडतो.

एजंट काय करतो, हे थोडे समजून घेतल्याशिवाय निरोपात काय लिहावयाचे ते ठरविता येणार नाही. सामान्य बोलण्यात आपण ‘तिकीट’ म्हणतो तेव्हा त्यात दोन वस्तू मिसळलेल्या असतात. एक आरक्षण, म्हणजे अमुक विमानात अमुक नावाची जागा. त्याची खूण म्हणजे सहा अक्षरांकांचा संकेत, ज्याला व्यवसायात पी.एन.आर. म्हणतात. दुसरे प्रत्यक्ष तिकीट, म्हणजे त्या जागेसाठी पैसे भरल्याचा दस्तऐवज. त्याचा क्रमांक तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. तारीख बदलताना दोन्ही बदलावी लागतात. आधी नव्या विमानात जागा धरावयाची, मग फरकाची रक्कम घेऊन जुन्या तिकिटाच्या बदल्यात नवे तिकीट काढावयाचे. बदलानंतर पी.एन.आर. बहुधा तोच राहतो. तिकिटाचा क्रमांक मात्र सामान्यतः नवा येतो. पहिले काम झाले आणि दुसरे राहिले, तर प्रवाशाच्या हाती नव्या तारखेचा सुंदर छापील कागद असतो आणि त्यामागे वैध तिकीट नसते. काही मुदतीनंतर कंपनी अशी जागा परस्पर सोडून देते.

रकमेचा प्रश्नही असाच दोन भागांचा आहे. कंपनीचे बदलशुल्क हा एक भाग आणि भाड्यातील फरक हा दुसरा. ‘बदलशुल्क नाही’ अशी जाहिरात असलेल्या तिकिटालाही फरक चुकत नाही. एकाच विमानातील एकाच वर्गात भाड्याच्या अनेक पायऱ्या असतात. स्वस्त पायरीवरील जागा संपल्या की पुढच्या पायरीवरचे भाडे लागू होते. प्रवास अद्याप सुरू झालेला नसेल, तर बहुधा संपूर्ण तिकिटाची, म्हणजे परतीच्या भागासह, आजच्या भाड्याने फेरआकारणी होते. आपल्या संशोधकाचे मूळ भाडे, कर वगळता, ३८,००० रुपये होते आणि नव्या तारखांना ते ४३,५०० पडते असे समजू. फरक ५,५०० रुपये. बदलशुल्क ६,००० धरू. एजंटाची स्वतःची सेवा ५००. एकूण १२,००० रुपये, करांतील फरक निराळा. हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. महत्त्वाची गोष्ट ही की, सकाळी सांगितलेली रक्कम नवे तिकीट निघेपर्यंत कोणावरही बंधनकारक नसते. दुपारी शेवटची स्वस्त जागा दुसऱ्याने घेतली तर ५,५०० चे ९,००० होतात. म्हणून ‘आधी रक्कम कळवा, मग सांगतो’ ही सावधगिरी काही वेळा महाग पडते, आणि ‘कितीही लागो, करून टाका’ ही उदारता तर पडतेच. यावर तोड म्हणजे कमाल रक्कम आधीच लिहून देणे.

आणखी एक गोष्ट मूळ निरोपातून अजिबात गळलेली आहे. ‘लंडनचे विमान’ पुढे ढकलावयाचे. मग परतीचे काय? त्याचा परतीचा प्रवास शुक्रवार, १२ डिसेंबर रोजी रात्री लंडनहून आहे. केवळ जाणे आठवड्याने सरकले, तर चार आठवड्यांच्या कामाचे तीनच आठवडे उरतात. एजंट ते विचारीलच असे नाही. त्याला कागदपत्रांचे काय घेणे? परत येणेही सरकवावयाचे असेल तर ते त्याच वेळी सांगणे हिताचे, कारण एकाच फेरआकारणीत दोन्ही भाग उरकतात. नंतर वेगळा बदल केल्यास बदलशुल्क पुन्हा द्यावे लागण्याचा संभव असतो.

या सर्व विवेचनाच्या आधारे तोच निरोप पुन्हा लिहिला तर तो पुढीलप्रमाणे होईल :

“नमस्कार साहेब. माझ्या मुंबई–लंडन–मुंबई तिकिटाच्या दोन्ही तारखा बदलावयाच्या आहेत. नाव व पी.एन.आर. सोबतच्या तिकिटावर आहेत. जाणे : शनिवार १५ नोव्हेंबर, पहाटे ०२:१० ऐवजी शनिवार २२ नोव्हेंबर, पहाटे ०२:१० (म्हणजे शुक्रवार २१ ची रात्र उलटल्यावर). येणे : लंडनहून शुक्रवार १२ डिसेंबरऐवजी शुक्रवार १९ डिसेंबर रोजी रात्री सुटणारे, मुंबईस शनिवार २० रोजी पोहोचणारे. सर्व शुल्क, फरक व कर धरून जादा खर्च १५,००० रुपयांपर्यंत असल्यास मला न विचारता बदल करावा. अधिक होत असल्यास आधी रक्कम कळवावी. २२ ला जागा नसल्यास २३ किंवा २४ चालेल. त्याआधीची तारीख चालणार नाही. नवी जागा पक्की झाल्याशिवाय जुनी सोडू नये. बुधवार १२ नोव्हेंबर सायंकाळपर्यंत नवे तिकीट न मिळाल्यास मी दूरध्वनी करीन.”

हा निरोप लांबला आहे, आणि त्यात ‘कृपया’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तरी तो उद्धट वाटत नाही, कारण ‘करावा’, ‘कळवावी’ या विध्यर्थी रूपांतच मराठीचे सौजन्य सामावलेले आहे. अडचणीचा उल्लेख वगळला आहे. आपल्या पत्रलेखनात कारण देण्याला फार मान असतो; परंतु एजंटाला कारणाचा उपयोग एकाच प्रसंगी होतो. आजारपण किंवा निकटच्या नातलगाचा मृत्यू यांसाठी काही कंपन्या दाखला पाहून शुल्कात सवलत देतात. तसे असेल तर कारण मोघम न लिहिता नेमके लिहावे व दाखला जोडावा. वार आणि तारीख दोन्ही लिहिण्यात पुनरुक्ती आहे, पण ती हेतुपुरस्सर आहे : दोहोंपैकी एक चुकले तर मेळ बसत नाही आणि वाचणारा थांबून विचारतो. सुटण्याच्या तारखेबरोबर पोहोचण्याची तारीख दिली आहे तीही याच कारणासाठी. लंडनहून रात्री निघालेले विमान मुंबईस दुसऱ्या दिवशी उतरते. ‘मला २० ला यायचे आहे’ एवढेच लिहिले असते तर २० तारखेला लंडनहून सुटणारे विमान मिळाले असते.

‘नवी जागा पक्की झाल्याशिवाय जुनी सोडू नये’ हे वाक्य काहींना अविश्वासाचे वाटेल. वास्तविक घाईत जुनी जागा आधी रद्द झाल्याचे आणि नवी प्रतीक्षायादीत अडकल्याचे प्रसंग घडतात. तेवढ्या वेळात जुनी स्वस्त जागा दुसऱ्याच्या नावे गेलेली असते, आणि ती परत मिळविण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

नवा कागद हाती आल्यावर तीन ठिकाणी दृष्टी टाकावी. तेरा आकडी तिकीटक्रमांक जुन्याशी ताडून पाहावा; तो तोच असेल तर नवे तिकीट निघाले की नुसतेच आरक्षण हलले, हे एजंटाला स्पष्ट विचारावे. दोन्ही भागांपुढे जागा पक्की असल्याचा शेरा, बहुधा OK असा, आहे की नाही ते पाहावे. आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पी.एन.आर. व आडनाव घालून तीच तारीख दिसते का ते तपासावे. एजंटाच्या कागदावर २२ आणि कंपनीकडे १५ असे आढळले, तर काम अर्धवट राहिले आहे असे समजून त्याच दिवशी, जुन्या विमानाची वेळ होण्याच्या आत, एजंटाला गाठले पाहिजे. आपल्या उदाहरणात ती वेळ शुक्रवारच्या रात्रीची नाही. ती शनिवार, १५ तारखेच्या पहाटे २ वाजून १० मिनिटांची आहे, आणि एजंटाचे कार्यालय त्यापूर्वी शुक्रवारी सायंकाळीच बंद होते.